लातूरजवळच्या शाळेतली सूर्यघडी: 33 दिवस जुळली, मग का सरकली?

लातूर शहरालगतच्या एका शाळेने अंगणात लोखंडी सूर्यघडी उभी केली. 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर, दुपारी, ती मोबाइलवरच्या वेळेशी जुळवली. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, पुन्हा पाहिली तर घडी आणि घड्याळ तंतोतंत एक. सगळ्यांची खात्री पटली. उन्हाळी सुट्टी संपून जूनच्या मध्यावर शाळा उघडली, तेव्हा मात्र घडी घड्याळाच्या बारा मिनिटं पुढे होती. तासांची पट्टी सरकवून ती परत जुळवली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती सोळा मिनिटं पुढे गेली.

या प्रकरणात यंत्रात एकही दोष नव्हता. दोनदा केलेली 'दुरुस्ती' हाच गोंधळ होता, आणि गंमत म्हणजे त्यातली दुसरी दुरुस्ती नकळत अगदी बरोबर जागी झाली होती. हे कसं, ते समजण्यासाठी आधी यंत्र नीट पाहावं लागेल.

यंत्र

घडी विषुववृत्तीय प्रकारची आहे. 8 मिलिमीटर जाडीचा लोखंडी गज पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसवलेला आहे, म्हणजे त्याचं वरचं टोक खऱ्या उत्तरेकडे आणि चढ लातूरच्या अक्षांशाइतका, 18.4 अंश. 50 सेंटिमीटरच्या गजाची दोन टोकं उंचीत 15.8 सेंटिमीटरने वेगळी असली की हा कोन साधतो. कोनमापक लागत नाही. गजाच्या खाली, त्याच्याशी काटकोनात, 46 सेंटिमीटर त्रिज्येची अर्धवर्तुळाकार पट्टी आहे. गजाची सावली या पट्टीच्या आतल्या बाजूवर पडते आणि दिवसभर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते.

हा प्रकार निवडण्यामागे चांगलं कारण होतं. जमिनीला समांतर तबकडी असलेली घडी आपल्या अक्षांशावर दुपारी वाचताच येत नाही: 12 ते 1 या तासाच्या रेघांमध्ये तिच्यावर जेमतेम 4.8 अंशांचं अंतर मिळतं, तर 5 ते 6 या तासाला चाळीस अंश. विषुववृत्तीय पट्टीवर मात्र प्रत्येक तासाला सारखेच 15 अंश मिळतात. 46 सेंटिमीटर त्रिज्येला तो तास 12 सेंटिमीटरचा होतो आणि एक मिनिट 2 मिलिमीटरचं. पट्टीला लांबट भोकं पाडून ती बोल्टवर बसवली होती, त्यामुळे बोल्ट सैल करून ती वर्तुळातच पुढेमागे सरकवता येत असे.

गजाची लांबी अनेकदा चुकते, इथे ती चुकली नव्हती. 21 जून आणि 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्तापासून 23.4 अंश दूर असतो, म्हणून पट्टीवर पडणारी सावली गजाच्या मध्यापासून 20 सेंटिमीटर दूरच्या भागाची असते. पट्टीच्या दोन्ही बाजूंना गज किमान 20 सेंटिमीटर हवा. आखूड गजाची घडी मार्च आणि सप्टेंबरमध्ये छान चालते, जूनमध्ये तिची सावली पट्टीवर पोहोचतच नाही.

खरी उत्तर होकायंत्रावरून घेतली नव्हती, आणि तेही योग्यच. शेजारी एवढं लोखंड असताना होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते. शंकूच्या जुन्या पद्धतीने ती काढली होती: ओळंब्यात उभी काठी, तिच्याभोवती वर्तुळ, सावलीचं टोक सकाळी वर्तुळाला जिथे शिवतं आणि दुपारनंतर जिथे शिवतं ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. तिला काटकोनात उत्तर-दक्षिण.

पहिली जुळवणी

गज आणि पट्टी बसवल्यावर 12 चा आकडा पट्टीच्या तळाशी, बरोबर गजाखाली होता. 26 जानेवारीला सावली त्या आकड्यावर आली तेव्हा मोबाइल 12 वाजून 36 मिनिटं दाखवत होता. घडी 36 मिनिटं मागे आहे असं ठरवून पट्टी सव्वासात सेंटिमीटर पश्चिमेकडे सरकवली आणि बोल्ट आवळले. आता सावलीखाली 12:36 आलं.

या 36 मिनिटांमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या, आणि त्या वेगळ्या केल्या नाहीत हीच या प्रकरणाची गाठ. पहिली गोष्ट जागेची. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे. ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. लातूर 76.56 अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या 5.94 अंश पश्चिमेला. एका अंशाला 4 मिनिटं धरली तर लातूरला सूर्य माथ्यावर यायला 23 मिनिटं 46 सेकंद उशीर होतो. पंचांगवाले याला रेखांतर म्हणतात. हा फरक लातूरपुरता कायम आहे. जानेवारीत जितका, तितकाच नोव्हेंबरात.

उरलेली साडेबारा मिनिटं तारखेची होती. ती कायम राहणारी नव्हती. याला वेलांतर म्हणतात, आणि पट्टी सरकवताना तेही लोखंडात बांधलं गेलं.

तीन संशय

नोव्हेंबरात घडी पुन्हा पुढे गेल्यावर तीन कारणं पुढे आली. तिन्ही ऐकायला पटण्यासारखी होती, म्हणून एकेक तपासून पाहण्यासारखी आहेत.

गवंड्याचं म्हणणं, घडीखालचा ओटा कलला. मराठवाड्यात ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं बांधकाम हलवते. आपल्या अक्षांशावर ओटा पूर्व-पश्चिम एक अंश कलला तर घडी जवळजवळ 3.8 मिनिटांनी चुकते, आणि दिवसभर साधारण सारखीच चुकते. मात्र सोळा मिनिटांसाठी ओटा चार अंशांहून जास्त कलायला हवा. 60 सेंटिमीटर रुंद ओट्याची एक कड दुसरीपेक्षा साडेचार सेंटिमीटर वर आली असती. पाणसळीची नळी लावली तेव्हा दोन्ही कडा सारख्या निघाल्या.

दुसरा संशय उत्तर दिशेवर. उत्तर एक अंश चुकली तर इथे सव्वा मिनिटाची कायमची चूक होते आणि तिच्यावर ऋतूनुसार, वेळेनुसार कमीजास्त होणारी आणखी सुमारे 1.6 मिनिटांपर्यंतची चूक चढते. म्हणजे सकाळी एक फरक आणि दुपारी दुसरा. शाळेच्या वहीत 9, 12 आणि 3 वाजताच्या नोंदी होत्या. प्रत्येक दिवशी तिन्ही वेळांचा फरक मिनिटाच्या आत सारखा होता. उत्तर ठीक होती.

तिसरं स्पष्टीकरण विज्ञानाच्या सरांनी दिलं, आणि सर्वांत जास्त लोक त्यावरच थांबतात: पृथ्वी स्वतःभोवती 24 तासांत फिरत नाही, 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांत फिरते, घड्याळ मात्र 24 तासांचं, म्हणून दोघांत फरक पडत जातो. यातलं पहिलं वाक्य पूर्ण खरं आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. आणि तो चुकीचा आहे हे शाळेच्याच नोंदींवरून सिद्ध होतं.

33 दिवसांत तारा आणि सावली

26 जानेवारी ते 28 फेब्रुवारी हे 33 दिवस झाले. रोज 3 मिनिटं 56 सेकंदांनी सावली घड्याळापासून सरकत असती, तर 28 फेब्रुवारीला फरक 130 मिनिटांचा, म्हणजे दोन तास दहा मिनिटांचा असता. प्रत्यक्षात तो शून्य होता.

मग ती 130 मिनिटं गेली कुठे? ती ताऱ्यांमध्ये दिसतात. मृग नक्षत्रातल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांतला मधला तारा 26 जानेवारीला लातूरच्या मध्यान्हरेषेवर, म्हणजे बरोबर दक्षिणेच्या रेषेत, रात्री 9 वाजून 40 मिनिटांच्या आसपास येतो. 28 फेब्रुवारीला तोच तारा त्याच जागी साडेसातच्या आसपास येतो. दोन तास दहा मिनिटं आधी. याला दुर्बीण लागत नाही. दोन ओळंबे उत्तर-दक्षिण रेघेवर टांगायचे, त्यांच्या सरळीत डोळा लावायचा आणि तारा दोऱ्याआड जाण्याची वेळ लिहायची. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच केलं की तासाभराचा फरक हाती येतो.

म्हणजे एकाच 33 दिवसांत ताऱ्याचं घड्याळ 130 मिनिटं सरकलं आणि सूर्याचं घड्याळ जागच्या जागी राहिलं. दोन प्रकारच्या दिवसांमधला फरक यापेक्षा स्पष्ट दाखवणं कठीण आहे. पृथ्वीने स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेतली की तारा पुन्हा त्याच जागी येतो. हा नाक्षत्र दिवस. पण तेवढ्या वेळात पृथ्वी सूर्याभोवतीच्या वाटेवर जवळजवळ एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर यायला तिला आणखी तेवढंच वळावं लागतं. त्या जादा वळणाला सरासरी 3 मिनिटं 56 सेकंद लागतात, आणि दिवस 24 तासांचा होतो. हा सौर दिवस. वर्षाअखेर पृथ्वीच्या फेऱ्या 366 आणि चतुर्थांश भरतात, सूर्योदय मात्र 365 आणि चतुर्थांश. एक फेरी सूर्याभोवती फिरण्यात खर्ची पडते.

आपलं घड्याळ ही 3 मिनिटं 56 सेकंदं आधीच धरून चालतं. 24 तास हे सौर दिवसाचं माप आहे, नाक्षत्र दिवसाचं नाही. त्यामुळे 23:56 हे सूर्यघडी भरकटण्याचं कारण असूच शकत नाही. तसं असतं तर सहा महिन्यांत घड्याळाच्या दुपारी बाराला मध्यरात्र झाली असती.

सरांच्या म्हणण्यात तरीही एक महत्त्वाचा धागा होता. खरं कारण त्या जादा वळणातच आहे, फक्त ते रोज सारखं नसतं. 3 मिनिटं 56 सेकंद ही वर्षाची सरासरी आहे. घड्याळ सरासरीवर चालतं, सावली त्या त्या दिवसाच्या प्रत्यक्ष वळणावर.

जादा वळण रोज वेगळं का

पहिलं कारण पृथ्वीचा वेग. तिची कक्षा किंचित लांबट आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्यापासून 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असते आणि वेगाने धावते, दिवसाला 1.02 अंश. जुलैच्या सुरुवातीला 15 कोटी 21 लाख किलोमीटरवर असते आणि सावकाश चालते, दिवसाला 0.95 अंश. हे एकटंच कारण असतं तर सूर्यघडी वर्षात एकदा पुढे आणि एकदा मागे गेली असती, दोन्हीकडे जास्तीत जास्त साडेसात मिनिटांच्या थोडं वर.

दुसरं कारण अक्षाचा 23.4 अंशांचा कल, आणि त्याचा वाटा पहिल्याहून मोठा आहे. हे शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोऱ्याने दाखवता येतं. दोरा असा ताणून चिकटवायचा की तो विषुववृत्ताला तिरका छेदून कर्कवृत्ताला शिवेल आणि पुढे मकरवृत्ताला. ही सूर्याची वर्षाची वाट. आता दोऱ्यावर सारख्या अंतराच्या खुणा करायच्या. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर 2.6 सेंटिमीटर म्हणजे 10 अंश. विषुववृत्ताजवळच्या दोन खुणांमध्ये किती रेखांश आले ते मोजलं तर सुमारे 9.2 भरतात, कारण दोऱ्याची काही चाल उत्तरेकडे चढण्यात गेली. कर्कवृत्ताजवळ तेवढ्याच दोऱ्यात 10.9 रेखांश येतात: तिथे दोरा सरळ पूर्वेकडे धावतो, आणि रेखांशाच्या रेघाही तिथे एकमेकींजवळ आलेल्या असतात.

पृथ्वी फिरते ती विषुववृत्ताच्या दिशेने, म्हणून तिला जादा वळावं लागतं ते रेखांशांच्या हिशोबाने, दोऱ्याच्या लांबीच्या हिशोबाने नाही. जून आणि डिसेंबरात वळण जास्त, मार्च आणि सप्टेंबरात कमी. या कारणाने घडी वर्षातून दोनदा पुढे आणि दोनदा मागे जाते, प्रत्येक वेळी दहा मिनिटांच्या जरा आत. आपल्या सिद्धांत-ज्योतिषात हे दोन्ही संस्कार वेगवेगळे मांडलेले आहेत: वेगाचा तो भुजांतर, कलाचा तो उदयांतर.

दोन्ही एकत्र केले की काय होतं ते डिसेंबर आणि सप्टेंबरमध्ये नीट दिसतं. 22 डिसेंबरच्या सुमारास पृथ्वी वेगात असते आणि सूर्य मकरवृत्ताशी, दोन्ही कारणं वळण वाढवतात. त्या दिवसांत एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत 24 तास आणि वर सुमारे 30 सेकंद लागतात. वर्षातले सर्वांत लांब सौर दिवस. सर्वांत आखूड सौर दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, 17 सप्टेंबरच्या, आसपास येतात: 24 तासांना सुमारे 21 सेकंद कमी. (इथे दिवस म्हणजे मध्यान्ह ते मध्यान्ह, उजेडाचा दिवस ही वेगळी गोष्ट.)

तीस सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पट्टीवर तो एक मिलिमीटर आहे, सावलीच्या धूसर कडेत हरवून जाईल इतका. पण ते साठत जातात. 3 नोव्हेंबर ते 11 फेब्रुवारी या 100 दिवसांत सौर दिवस 24 तासांहून सरासरी 18 सेकंदांनी लांब असतात, आणि त्यांची बेरीज साडेतीस मिनिटांच्या वर जाते.

संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. लातूरला 21 डिसेंबरपासून 14 जानेवारीपर्यंत उजेडाचा दिवस सहा-सात मिनिटांनी वाढलेला असतो, तरी सूर्योदय मात्र घड्याळात साधारण तेवढ्याच मिनिटांनी आणखी उशिरा होत गेलेला असतो. सगळी वाढ संध्याकाळच्या बाजूला जाते. पहाटे शेतात जाणाऱ्याला संक्रांतीतही उजाडायला उशीरच होतो. याचं कारण हेच लांब सौर दिवस: सगळा दिवसच घड्याळात पुढे ढकलला जातो.

वहीतले आकडे पुन्हा वाचताना

आता शाळेच्या नोंदी उलगडतात. 26 जानेवारीला वेलांतर उणे साडेबारा मिनिटं, म्हणजे सावली सरासरीच्या तेवढी मागे. तिथून 11 फेब्रुवारीपर्यंत ती आणखी पावणेदोन मिनिटं मागे गेली आणि वर्षाच्या टोकाला, 14 मिनिटं 14 सेकंदांना पोहोचली. मग दिवस 24 तासांपेक्षा आखूड होऊ लागले, सावलीने तूट भरून काढली आणि 28 फेब्रुवारीला वेलांतर पुन्हा उणे साडेबारा. जुळवणीची तारीख आणि तपासणीची तारीख टोकाच्या दोन्ही बाजूंना बरोबरीने पडल्या होत्या. मधली पावणेदोन मिनिटं पट्टीवर साडेतीन मिलिमीटर, ती कोणी पाहिली नाहीत. तपासणी 15 एप्रिलला झाली असती तर घडी साडेबारा मिनिटं पुढे दिसली असती.

15 एप्रिल, 13 जून, 1 सप्टेंबर आणि 25 डिसेंबर या चार तारखांच्या आसपास वेलांतर शून्य असतं. शाळा जूनच्या मध्यावर उघडली तेव्हा ते जवळजवळ शून्यच होतं, म्हणून साडेबारा मिनिटांची सगळी जुनी भर उघडी पडली. पट्टी अडीच सेंटिमीटर पूर्वेकडे सरकवली. सव्वाछत्तीसातून साडेबारा गेले, उरले पावणेचोवीस मिनिटं: नेमकं लातूरचं रेखांतर. पट्टी आता तिच्या योग्य जागी होती.

तिथून पुढे जे दिसलं ते शुद्ध वेलांतर. जुलैअखेर घडी साडेसहा मिनिटं मागे (ढगांमुळे नोंदी थोड्याच), 17 सप्टेंबरला सुमारे साडेपाच मिनिटं पुढे, 3 नोव्हेंबरला 16 मिनिटं 25 सेकंदांच्या वार्षिक टोकावर. नोव्हेंबरात कलाचा वाटा जवळजवळ दहा मिनिटं पुढे आणि वेगाचा वाटा पावणेसात मिनिटं, तोही पुढेच. मेच्या मध्यावर कलाचा वाटा तेवढाच पुढे असतो, पण वेगाचा सहा मिनिटं मागे ओढतो, म्हणून तेव्हाची वाढ पावणेचार मिनिटांवर थांबते. दोन्ही टोकं सारखी का नसतात याचं उत्तर इथे आहे.

काय केलं

पट्टीला हात लावायचा नाही, हे पहिलं. बोल्टांवर वेल्डिंगचा एकेक टाका मारला. घडी तारखेगणिक घड्याळाशी जुळवत राहणं म्हणजे मोजमाप पुसून टाकणं. त्याऐवजी ओट्यावर कडाप्प्याच्या फरशीवर तक्ता रंगवला. सूर्यघडीच्या आकड्यात खालची मिनिटं मिळवली की प्रमाणवेळ येते. उणे असेल तर वजा करायची.

| महिना | 1 तारीख | 15 तारीख |
|---|---|---|
| जानेवारी | +3 | +9 |
| फेब्रुवारी | +14 | +14 |
| मार्च | +12 | +9 |
| एप्रिल | +4 | 0 |
| मे | −3 | −4 |
| जून | −2 | 0 |
| जुलै | +4 | +6 |
| ऑगस्ट | +6 | +4 |
| सप्टेंबर | 0 | −5 |
| ऑक्टोबर | −10 | −14 |
| नोव्हेंबर | −16 | −15 |
| डिसेंबर | −11 | −5 |

मधल्या तारखांसाठी अंदाजाने भाग घालायचा. नेमका आकडा हवा असेल तर हे सूत्र अर्ध्या मिनिटाच्या आसपास उत्तर देतं. n म्हणजे 1 जानेवारीपासूनचा दिवस, B अंशांत, E म्हणजे वेलांतर, मिनिटांत:

```
B = 360/365 * (n - 81)
E = 9.87*sin(2B) - 7.53*cos(B) - 1.5*sin(B)
```

3 नोव्हेंबरला n = 307, उत्तर 16.4. तक्त्यात याच E चं चिन्ह उलटं आहे, कारण घडी पुढे असेल तर वजाबाकी करायची. संगणकाच्या तक्त्यात हे घालताना sin आणि cos ला कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये लागतो; ते विसरलं की आकडे आठवड्यातच उड्या मारू लागतात, आणि चूक लगेच लक्षात येते.

हा तक्ता कोणत्याही गावाला चालतो, कारण वेलांतर सगळ्या पृथ्वीवर एकच. गावानुसार बदलतं ते रेखांतर आणि गजाचा चढ. छत्रपती संभाजीनगरला रेखांतर सुमारे 28 मिनिटं 40 सेकंद, नांदेडला सुमारे 20 मिनिटं 45 सेकंद. एकाच फॅब्रिकेशनच्या दुकानातून दोन गावांसाठी तयार पट्ट्या घेतल्या आणि जशाच्या तशा बसवल्या, तर आठ मिनिटांची चूक वर्षभर तशीच राहील. कमीजास्त न होणारी चूक दिसली की आधी रेखांतर तपासायचं; महिन्यागणिक बदलणारी दिसली की वेलांतर.

अचूकतेची मर्यादाही माहीत हवी. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे, म्हणून सावलीची प्रत्येक कड या पट्टीवर चार मिलिमीटर, म्हणजे दोन मिनिटं, धूसर असते. कडेवर वाचलं तर दर वाचणाऱ्याचं उत्तर वेगळं येतं. गडद भागाचा मध्य धरायचा. तेवढ्यावर अर्ध्या ते एका मिनिटाची अचूकता मिळते आणि दर वर्षी लीप वर्षामुळे वेलांतरात पडणारा काही सेकंदांचा फरक विचारात घ्यावा लागत नाही.

बसवलेली घडी वर्षातून दोनदा एका वेगळ्याच मार्गाने तपासता येते. लातूरला 13-14 मे आणि 29-30 जुलैच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि ओळंब्यात उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या क्षणी गजाची सावलीही पट्टीच्या अगदी तळाशी हवी. मेमध्ये हा क्षण घड्याळात 12 वाजून 20 मिनिटांनी येतो. जुलैत, ढगांनी वाट दिली तर, तोच क्षण 12 वाजून 30 मिनिटांनी येतो.